बांधाअलीकडचे किडे, बांधापलीकडचे किडे

मिरगाचे किडे उज्वलाच्या ओट्यावर निघाले, आणि साधनेच्या ओट्यावर एकही नाही. एवढ्यावरून एखादी बाई जळते का? साधना जळत होती, आणि चांगलीच.

मखमलाबादच्या त्या मळ्याचे दोन भाग झाले होते. मधला बांध सोडला तर माती एक, पाऊस एक, दोघी जावांचा झेंडूही एकाच वाणाचा. तरी लाल मखमली ठिपके फिरत होते ते धाकटीच्याच रानात. वर सासू कुसाबाई कुंकवाची कोयरी घेऊन धाकटीच्याच ओट्यावर वाकलेली. एकेका किड्याला हळद-कुंकू वाहत म्हणत होती, "मिरगाचं वाहन आलं गं दारात!"

साधनेच्या दाराकडे म्हातारीनं मान वळवूनही पाहिलं नाही. यंदा काळ्या आईचं मन धाकटीवर गेलं, असंच साधनेला वाटलं.

सासू देवघरात गेल्यावर साधना बांधावर आली. "उज्वला, हा लाल कोळी हाय बरं. झेंडूचा रस पिऊन टाकील. औषध मार आजच."

उज्वलानं मुकाट्यानं पाठीवरच्या पंपात पाणी भरलं. थोरलीचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. औषधाची बाटली फोडता फोडता ती म्हणाली, "ताई, तुमच्या रानात एक बी नाय. गेल्या साली तुम्ही वाळवीसाठी जमिनीत औषध सोडलं, तेव्हापासून कसं साफ झालं! मला लय हेवा वाटतो तुमच्या रानाचा."

साधनेनं आपल्या रानाकडे पाहिलं. वाळवी गेली होती खरी. पण वाळवीवर, बारीक किडींच्या अंड्यांवर जगणारे हे लाल जीवही त्याच औषधानं गेले होते. काळ्या आईनं काही केलं नव्हतं, साधनेनंच केलं होतं.

तिनं बाटली हिसकावून घेतली. "नको मारू. लाल कोळी डोळ्याला धड दिसत नाय, पानाखाली जाळं करतो. हे मातीवर फिरतात, पानाला तोंड लावत नाय."

"मग मघाशी?"

"मघाशी मी जळत होते."

उज्वला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एक किडा पानावर घेतला आणि बांधापलीकडे साधनेच्या मातीत सोडला. "घ्या. एक तुम्हाला."

किडा पाय आखडून पडून राहिला. मग उठला, थोडा फिरला आणि बांधाकडे परत निघाला. साधनेनं वाटेत हात आडवा धरला. तो मऊ, लाल जीव तिच्या बोटांवर चढला, निवांत ओलांडून पलीकडे उतरला आणि उज्वलाच्या झेंडूत दिसेनासा झाला.