न दिसणारा रकाना

ग्रंथालयाच्या संचालकांना शांततेचे फार कौतुक होते. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत संस्थेच्या पेटीत दिवसाला तीनशे संदेश येत आणि त्यांतले दोनशे नव्वद केस वाढवण्याची औषधे, उसनी प्रेमपत्रे किंवा परदेशी लॉटऱ्या यांविषयी असत. नवा चौकशी फॉर्म बसवल्यापासून हे सारे थांबले. संचालकांनी या यशाचा आलेख काढून भिंतीवर लावला होता. उतरत गेलेली ती रेघ ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अशा अभिमानाने दाखवीत, जणू साथीचा रोग त्यांनीच आटोक्यात आणला.

ध्वनिसंपादक बाईंना मात्र त्या रेघेने अस्वस्थ केले होते. हे ग्रंथालय दृष्टिहीनांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करीत असे. एकतीस वर्षे बाईंनी पुस्तके वाचून दाखवणाऱ्यांचे खोकले, अडखळणे, खुर्चीची करकर कापून काढण्यात घालवली होती. आता संस्थेने यांत्रिक आवाज विकत घेतला होता आणि चारशे अकरा जुनी ध्वनिमुद्रणे उद्या सकाळी पुसली जाणार होती. मूळ फिती केव्हाच भंगारात गेल्या होत्या, म्हणजे पुसले की संपले. ‘ज्यांना एखादे जुने वाचन राखून ठेवावेसे वाटते त्यांनी फॉर्मवर कळवावे’ अशी सूचना सर्व सभासदांना गेली होती. विनंत्या आल्या चार.

“चार,” संचालक म्हणाले. “ती चार ठेवू. बाकीच्यांबद्दल लोकांनीच कौल दिला, बाई. मी कोण त्यात पडणारा?”

जनतेच्या मौनाला संमती समजण्याचा हा प्रघात बाईंनी पुष्कळ ग्रंथांतून वाचला होता. तो आपल्याच टेबलापलीकडे बसून चहा पिताना भेटेल असे त्यांना वाटले नव्हते. रागावल्या की त्यांची वाक्ये फक्त अधिक व्याकरणशुद्ध होत, आणि समोरच्याला ते कळत नसे.

फॉर्म त्यांच्या भाचीने बनवला होता. पोरगी कामाची पक्की. पूर्वी संस्थेतल्या सगळ्यांचे ई-मेल पत्ते संकेतस्थळावर उघडे पडलेले असत आणि जाहिराती पाठवणारी यंत्रे ते टिपून घेत. तिने पत्ते आत दडवले आणि वर एकच प्रश्न ठेवला, ‘कशासाठी लिहिता?’ ‘पुस्तक हवे आहे’ निवडले की संदेश देवघेवीच्या टेबलावर, ‘वाचनात चूक आहे’ निवडले की बाईंकडे, ‘जुने वाचन राखावे’ निवडले की संचालकांकडे. सहा आठवड्यांत एकही पत्र चुकीच्या माणसाकडे गेले नव्हते. ती व्यवस्था बाईंना मनापासून आवडली होती आणि म्हणूनच त्यांना कळेना की पाणी मुरतेय कुठे.

अखेर त्या खाली टेलिफोनच्या खोलीत गेल्या. ऑपरेटरमामा जन्मापासून दृष्टिहीन होते, आणि संस्थेतल्या सगळ्यांच्या चपलांचे आवाज त्यांना पाठ होते.

“या बाई. डाव्या चपलेचा अंगठा शिवून घ्या, तुटायला आलाय.”

“मामा, तुमच्या संगणकावर तो नवा फॉर्म भरून दाखवता?”

“भरलाय की मागेच. धन्यवाद म्हणाला तो मला. माणसं नाही म्हणत.”

“पुन्हा भरा. मला बघायचंय.”

मामांनी कळा दाबायला सुरुवात केली. पडदा वाचून दाखवणारा आवाज भरधाव सुटला. नाव. फोन. कशासाठी लिहिता. संदेश. बाईंची नजर एकेका रकान्यावरून त्याच्याबरोबर सरकत होती. मग आवाज म्हणाला, “तुमचे संकेतस्थळ. रिकामे.”

पडद्यावर संदेशाच्या रकान्याखाली पांढरी जागा होती, आणि त्याखाली ‘पाठवा’चे बटण. मधे काहीच नव्हते.

“हा कुठला रकाना?” बाई म्हणाल्या. “मला दिसत नाही.”

“तुम्हाला दिसत नाही?” मामांनी मान वळवली. “चला, आज तुम्हाला काठी देतो मी.”

पण बाईंना हसू आले नाही. ज्या कोऱ्या जागेवर त्यांच्या डोळ्यांना काही सापडत नव्हते, तिथून एक आवाज शांतपणे उत्तर मागत होता. एकतीस वर्षे आवाजातच काढलेल्या त्या बाईच्या अंगावर काटा आला.

“यात तुम्ही काय लिहिलं होतं, मामा?”

“‘नाही’ लिहिलं. आमचं काय असणार संकेतस्थळ! पण रकाना मोकळा सोडला की फॉर्म परत तोंडावर येतो, असा आमचा आजवरचा अनुभव. म्हणून आम्ही सगळं भरतो.”

भाचीला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले.

“मावशी, तो सापळा आहे,” ती म्हणाली. “यंत्रं दिसेल तो रकाना भरतात. म्हणून एक खोटा रकाना ठेवायचा आणि पडद्याच्या कडेबाहेर ढकलायचा. माणसाला दिसत नाही, म्हणून माणूस भरत नाही. जो भरेल तो यंत्र, त्याचा संदेश अडवायचा.”

“माणसाला दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “हे वाक्य तू आमच्या ग्रंथालयासाठी लिहिलंस.”

“वाचणाऱ्या आवाजापासूनही तो लपवायला हवा होता. दोन ओळींचं काम होतं. मी स्वतः डोळ्यांनीच तपासलं गं.”

“आणि धन्यवाद?”

“अडवलंय हे यंत्राला कळू नये म्हणून सगळ्यांना धन्यवादच जातं.” तिचा आवाज खाली गेला. “अडवलेलं तीस दिवस राहतं. मग आपोआप पुसलं जातं. थांब, मी उघडते.”

मामांच्या पडद्यावर अडवलेल्या संदेशांचा ढीग उघडला. भाचीने तो त्या एका रकान्यातल्या उत्तरांप्रमाणे क्रमाने लावून दिला. वरच्या हजारो ओळींत दुवे होते, जुगाराचे, औषधांचे. मग दुवे संपले आणि माणसे सुरू झाली.

‘नाही.’ ‘माझे संकेतस्थळ नाही, क्षमस्व.’ ‘प्रश्न कळला नाही, पण उत्तर न देणे उद्धटपणाचे वाटले.’ ‘संकेतस्थळ नाही. घराचा पत्ता चालत असेल तर शाळेमागची गल्ली, तिसरे दार.’

बाई वाचत राहिल्या. दोनशे सहा माणसे होती. ज्या प्रश्नाला कोणीच उत्तर देऊ नये म्हणून तो रचला होता, त्याला दोनशे सहा जणांनी सभ्यपणे उत्तर दिले होते, आणि त्या सभ्यतेपायीच त्यांची गणना यंत्रांत झाली होती. बहुतेकांनी निवडले होते ‘जुने वाचन राखावे’. एकाने लिहिले होते की नवा आवाज श्वास घेत नाही, त्यामुळे परिच्छेद कुठे संपतो ते पोटाला कळत नाही. एका बाईला प्रवासवर्णनाचे तेच वाचन हवे होते, ज्यात नवव्या प्रकरणात वाचणारे गृहस्थ खोकतात आणि हळूच ‘माफ करा’ म्हणतात.

तो खोकला बाईंच्या हातून कापायचा राहिला होता. त्याची लाज त्यांनी सतरा वर्षे बाळगली होती. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

दुपारी त्यांनी छापील गठ्ठा संचालकांसमोर ठेवला. संचालकांनी पाच-सहा पाने चाळली. मग न चाळता वाचू लागले. ‘तिसरे दार’ आले तिथे त्यांचे बोट थांबले.

“याला आपण धन्यवाद पाठवला?”

“पाठवला.”

संचालकांनी भिंतीवरच्या आलेखाकडे पाहण्याचे टाळले. ते म्हणाले, “ठीक. यांनी मागितलेली वेगळी काढा. किती होतात?”

“एकशे अठ्ठावीस.”

“मग उरलेली दोनशे...”

“फॉर्म बेचाळीस दिवस चालू आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचे व्याकरण आता निर्दोष होते. “अडवलेले संदेश तीस दिवस टिकतात. पहिल्या बारा दिवसांत कोणी काय मागितले, हे आपणच नष्ट केले आहे. सूचना निघाली ती पहिल्याच दिवशी, म्हणजे सर्वांत उत्सुक लोकांनी त्याच बारा दिवसांत लिहिले असणार. तेव्हा उरलेल्यांपैकी एकाही वाचनाविषयी ‘हे कोणी मागितले नाही’ असे आपण म्हणू शकत नाही. आपल्याला ठाऊक नाही.”

संचालकांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला, जणू त्या बारा दिवसांचे वजनही त्यात कुठे लागते का ते अजमावत होते.

“एवढी माणसं बोलत होती,” ते हळू म्हणाले, “आणि मी शांततेचा आलेख काढला.”

त्यांनी उद्याच्या पुसण्याच्या कामाचा आदेश ओढून घेतला, चारशे अकरा या आकड्यावर काट मारली, ‘एकही पुसू नये’ असे लिहिले आणि सही केली. मग टेलिफोन उचलून मामांना विचारले की सगळ्या सभासदांना फोन करायला किती दिवस लागतील.

“करायचे का?” पलीकडून मामा म्हणाले. “मग आधी बाईंना पाठवा खाली. सभासदांच्या फोन नंबरांच्या ब्रेल वह्या कुणी कपाटात वर ठेवल्यात, माझा हात पुरत नाही.”