कीबोर्डचा रकाना

ऑफिसात तिला सगळे कानामात्रा म्हणत. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट घरोघरचे टायपिस्ट ऐकून मराठीत टाईप करत आणि मेलने पाठवत. ते दवाखान्याकडे जाण्याआधी तपासायचं काम हिचं. एक काना इकडचा तिकडे झाला की हिचं डोकं फिरायचं, म्हणून ते नाव. तिला ते मुळीच आवडत नव्हतं, पण म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार.

झालं असं, की एका टायपिस्टच्या फोनवरून कुणा बाईचा रिपोर्ट चुकून त्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. बोट घसरलं आणि त्या बिचारीचं दुखणं चारचौघांत झालं. दवाखान्याने ठणकावून सांगितलं, फोनवर टाईप करणारा एकही माणूस चालणार नाही, काम फक्त कॉम्प्युटरवर. साहेबांची पाचावर धारण बसली. दुपारपर्यंत वर फोनवाल्यांची यादी द्यायची होती.

आता यादी करणार कशावरून? कोण कशावर काम करतं, हे कुणाला कधी विचारलंच नव्हतं. टायपिस्टांच्या तक्त्यात नाव, पत्ता, नंबर, आणि शेवटी ‘कीबोर्ड’ असा एक रकाना होता. तो हिनेच घातलेला, नव्या टायपिस्टांना शिकवताना सोयीचा पडायचा म्हणून. त्यात काहींपुढे फोनेटिक लिहिलेलं होतं. म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची आणि शब्द मराठीत उमटायचा. काहींपुढे ठरावीक मांडणी. म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराची जागा नेमलेली, एचच्या जागी प, एलच्या जागी त, ते पाठच करावं लागतं. साहेबांनी रकाना पाहिला आणि त्यांच्या डोक्यात काय प्रकाश पडला कोण जाणे. घरात त्यांची मुलं फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, तेव्हा फोनेटिकवाले सगळे फोनवरचे. ठरावीकवाले क्लासला जाऊन शिकलेले, तेव्हा ते कॉम्प्युटरवरचे. संपला विषय. नऊ नावं निघाली आणि यादी वर गेली.

नऊतलं एक नाव तिच्या नणंदेचं होतं.

नणंद सासर सोडून भावाकडे आली, तेव्हा दोन महिने खिडकीकडे तोंड करून बसायची. वहिनीने तिच्यापुढे घरातला जुना कॉम्प्युटर मांडला, फोनेटिक चालू करून दिलं आणि म्हणाली, "बस, शिक." सहा महिन्यांत बाई अशी तयार झाली की वहिनीला तिच्या कामात लाल खूण करायला जागा मिळेना. जेवताना बोलायला लागली. भावाच्या घरात उपऱ्यासारखं वाटत नाही आता, असं एकदा स्वतःहून म्हणाली. आणि त्या दुपारी तिला तीन ओळींचा मेल आला, आपण फोनवर काम करत असल्याने आपली सेवा थांबवण्यात येत आहे.

"वहिनी, मी फोनवर कधी गं टाईप केलं?" तिने फोन करून विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

कानामात्रा तडक साहेबांच्या खोलीत शिरली. "साहेब, कीबोर्ड कुठला यावरून माणूस कशावर टाईप करतो ते कळत नाही. दोन्ही मांडण्या दोन्हीकडे चालतात."

"बाई, मला शिकवू नका," साहेब म्हणाले. "फोनवर काय ती ठरावीक मांडणी घेऊन कोण बसतं?"

तिने वाद घातला नाही. साहेबांच्याच कॉम्प्युटरवर भाषा बदलली, फोनेटिक घेतलं आणि टाईप केलं, ‘साहेब जेवायला गेले.’ मग आपल्या फोनवर ठरावीक मांडणीचा कीबोर्ड उघडला, तेच वाक्य लिहिलं आणि मेलने त्यांना पाठवलं. दोन्ही ओळी स्क्रीनवर एकाखाली एक ठेवल्या. "आता मला सांगा, यातली फोनवरची कुठली?"

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. ओळी तंतोतंत सारख्या. अक्षर एकदा उमटलं की ते कुठल्या बटणाने आलं याची त्याच्यावर खूण राहत नाही, हे तिने त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "कशावर काम करता, असं सरळ विचारा ना लोकांना. रकान्यावरून कसली नावं काढता?"

"हे झालं तुमचं," साहेब खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही नाना खटपटी करणाऱ्या. आपल्या टायपिस्टांत कोण फोनवर असलं काही करतं? एक दाखवा."

आणि इथे बाईची जीभ घसरली. नणंदेचं काम परत मिळवायचं या एकाच ध्यासात होती ती, मागचापुढचा विचार राहिला नाही. "आपले मास्तर," ती म्हणाली. "कॉम्प्युटर बिघडलाय त्यांचा, चार महिने फोनवर ठरावीक मांडणीनेच करतायत. तुमच्या यादीत आहे का त्यांचं नाव? नाही ना?"

"अस्सं," साहेब म्हणाले आणि पेन उचललं.

ते पेन पाहिल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. मास्तर म्हणजे टायपिंगचा क्लास चालवून दोन पिढ्यांची बोटं वळवलेला माणूस. क्लास बंद पडला, कंबर गेली, आता पडल्या पडल्या उशीवर फोन टेकवून टाईप करायचे. तो कीबोर्ड त्यांच्या फोनवर हिनेच बसवून दिला होता. कुणाला सांगू नका, असंही हिनेच बजावलं होतं.

"साहेब, मी नुसतं उदाहरण दिलं. त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही."

"नियम म्हणजे नियम. बरं झालं सांगितलंत, तुमच्यासारखी माणसं हवीत."

"आणि माझ्या नणंदेचं? ती कॉम्प्युटरवर आहे. घरी येऊन बघा, फोटो पाठवते."

"यादी वर गेली ना आता. नाव वाढवता येतं, काढायचं म्हणजे चुकलो असं लिहून द्यावं लागतं." साहेबांनी तिच्यासमोर दहावं नाव लिहिलं. "पुढच्या वर्षी बघू."

घरी आली तर नणंद पुन्हा खिडकीशी. कॉम्प्युटरवर तिने चादर घालून ठेवली होती. "बोललीस ना साहेबांशी?" तिने विचारलं. "बोलले, काही उपयोग झाला नाही," एवढं म्हणून वहिनी आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा फोन आला. तिने तो तीनदा वाजू दिला आणि मग घेतला.

"ऐक पोरी," मास्तर म्हणाले, "माझं काम गेलं. कुणीतरी सांगितलं वाटतं. असो, वय झालंच होतं. मी फोन कशासाठी केला, तर साहेब खोदून खोदून विचारत होता, फोनवर हा कीबोर्ड कुणी घालून दिला म्हणून. मी म्हटलं, माझा मीच घातला. तुझं नाव घेतलं नाही मी. तू घाबरू नकोस."

ते नाव आपणच सांगितलं, हे तिला सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

"बरं," ती म्हणाली, "तब्येतीला जपा."