छतावरचा सिनेमा

सिनेमाच्या बाबतीत तिचा नवरा भलताच चिकित्सक होता. थिएटरात चित्र जरा धूसर आलं की हा उठून थेट मॅनेजरच्या दारात. घरी टीव्हीच्या रंगांशी त्याची इतकी खुडबूड चालायची की ती कंटाळून भाजी निवडायला बसायची आणि सिनेमा सुरू झाल्यावर तिलाच हाका मारून बोलवावं लागायचं. बायकोशिवाय सिनेमा बघणं त्याला कधी जमलंच नाही.

मग एका सकाळी त्या माणसाची उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. चार शब्द बोलायला घाम फुटायचा. दवाखान्यात असते तशी अरुंद लोखंडी खाट घरात आली आणि तो त्या खाटेवर उताणा पडून राहिला. समोरचा टीव्ही बघायला उशी कितीही उंच केली तरी घटकाभरात मान दुखून यायची. महिनोन् महिने त्याने नुसतं छत पाहिलं. तिचा जीव तुटायचा. एक दिवस तिच्या मनात आलं, हा छतच बघतो, तर सिनेमा छतावरच का नको?

तिचा दीर टीव्ही-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात होता. त्याने छोटा प्रोजेक्टर मिळवून दिला, पण मांडणी आपणच करायची असा तिने हट्ट धरला. फोनवर विचारत, चुकत, तिने ती केली. मधे येणारा पंखा उतरवून घेतला, भिंतीशी टेबल फॅन लावला. छताला चमक नसलेला पांढरा रंग दिला, खिडकीला जाड पडदे लावले. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर प्रोजेक्टर वर तोंड करून बसवला, त्याच्या झरोक्यांतून हवा खेळती राहील असा. आवाजाने मात्र तिला रडवलं. बिनतारी जोडणीत ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे, म्हणून शेवटी वायरच ओढली. दोन स्पीकर उशीच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या उंचीवर, थोडे लांब ठेवले.

पायथ्याशी उभं राहून तिने वर पाहिलं, तर अक्षरं उलटी. मेनू शोधून तिने चित्र फिरवलं आणि सरळ केलं. मग तिथेच खुर्ची ओढून, त्याचे पाय मांडीवर घेऊन ती बसली.

"नीट दिसतंय ना?" तिने विचारलं.

"छान," तो म्हणाला. ज्याच्या तोंडून चित्राबद्दल कधी चांगला शब्द निघाला नव्हता, त्याने एका झटक्यात छान म्हटलं. तिला आकाश ठेंगणं झालं.

त्यानंतर रोज दुपारी सिनेमा. ती पाय चोळत बघायची, हसायची, डोळे पुसायची. तो मधेच डोळे मिटून नुसता ऐकत पडायचा. "झोपलात का? एवढा खटाटोप कुणासाठी केलाय?" असं ती दटावायची. मग तो डोळे उघडायचा आणि तिच्याकडे बघून पुन्हा छान म्हणायचा.

पावसाळा संपता संपता तो गेला.

काही दिवस उलटल्यावर दीर पंखा परत लावायला आला. ती म्हणाली, आधी एकदा प्रोजेक्टर लावून दाखवते, तुमचा दादा कसा बघायचा ते. सिनेमा लावून ती पहिल्यांदाच त्या खाटेवर पडली.

छतावर सगळी माणसं खाली डोकं, वर पाय करून चालत होती.

क्षणभर तिला वाटलं, मशीन बिघडलं. मग सगळं लक्षात आलं. पायथ्याशी बसणाऱ्याला जे सरळ, ते खाटेवरच्याला उलटं. तिने स्वतःच्या हाताने ते फिरवून ठेवलं होतं. आणि तिचा चिकित्सक नवरा दिवसामागून दिवस त्याच्याखाली पडून राहिला होता.

"भाऊजी, तुम्ही मधे येऊन गेलात. तुम्हालाही दिसलं नाही?"

दीर बराच वेळ वायरीशीच चाळा करत राहिला. मग म्हणाला, "दिसलं वहिनी. तुम्ही आत चहा करत होता. मी दादाला विचारलं, फिरवू का? एका बटणाचं काम होतं. त्याने माझा हात धरला. म्हणाला, तिला दिसू दे. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली."

तिच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांकडे ओघळत गेलं. दोन्ही बाजूंनी आवाज मात्र स्वच्छ येत होता, एक शब्दही सुटत नव्हता. दिराने हळूच रिमोट उचलला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी असाच बघते."

तिने उशी जराशी वर सरकवली. छतावरून परतणाऱ्या उजेडात पायथ्याची खुर्ची लख्ख दिसत होती. सिनेमा संपेपर्यंत ती त्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत राहिली.