पाचवी संचालक

अरुंधती गोखले लोणावळ्यात कंपनी सेक्रेटरीचं काम करायची. म्हणजे नेमकं काय, हे तिच्या सख्ख्या काकूलाही पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. कुठल्याशा ऑफिसात साहेबांची पत्रं टाइप करत असेल पोरगी, एवढीच काकूची समजूत. आपण कंपन्यांचे कायदेशीर कागद सांभाळतो, हे समजावणं अरुंधतीने सोडून दिलं होतं.

मंगळवारी सकाळी तिच्या ऑफिसात वडिवळ्याच्या बयाबाई आल्या. बरोबर सून सविता. सत्तरीच्या बयाबाईंनी खुर्चीवर नीट बसायच्या आधीच तोंड उघडलं.

"म्याडम, दगडावर माजं नाव न्हाई."

"कुठल्या दगडावर, मावशी?"

मग सविताने सांगितलं. गावच्या शेतकऱ्यांची भात उत्पादक कंपनी आहे. शेजारच्या टाकव्याला तिची नवी गिरणी उभी राहिलीय, रविवारी उद्घाटन. भिंतीत बसवायच्या कोनशिलेवर संस्थापकांची नावं कोरायला गेलीत आणि त्यात सासूबाई नाहीत. अध्यक्ष राजेंद्र म्हणतो, तुम्ही कधी होता कंपनीत? कंपनी आम्ही उभी केली.

"पयली पाच मानसं होती, त्यात मी व्हते," बयाबाई म्हणाल्या. "मालक गेल्यावर दारोदार फिरून मानसं गोळा केली. आता गाव म्हनतंय, म्हातारीला चळ लागला. मला दुसरं काय बी नको. मी खोटारडी न्हाई, येवडं कागदावर दाखवा."

अरुंधतीला राग आला. राग आला की तिची बोटं भराभर चालायची.

"कागद तर सरकारकडे पडलेत, मावशी. शंभर रुपये भरले की कुणाही माणसाला बघता येतात."

"शंभर रुपयांत?" सविता चाट पडली. "आन आमी चार म्हयनं भांडतोय?"

कंपन्यांच्या सरकारी पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं तशी नऊ वर्षांची कागदपत्रं ओळीने उभी राहिली. अरुंधती तळापासून वाचू लागली. लोक वरून वाचतात आणि फसतात, हे तिचं ठाम मत होतं. कंपनीचा स्वभाव तिच्या जुन्या कागदांत असतो.

सोळा साली कंपनीची नोंदणी झाली. दहा भागधारक, प्रत्येकाचे दहा रुपयांचे हजार शेअर, एकूण भांडवल एक लाख. पहिले पाच संचालक. तिसरं नाव बयाबाईंचं.

"घ्या!" सविताने टाळी वाजवली.

नोंदणीकृत पत्त्याच्या फॉर्मला विजेचं बिल जोडलेलं होतं, तेही बयाबाईंच्याच घराचं.

"व्हय तर. बाकी समद्यांची मीटरं आज्या-पणज्यांच्या नावावर. जित्त्या मानसाच्या नावाचं बिल माज्याच घरी व्हतं."

पुढच्या वर्षी पत्ता गावातल्या गावातच हलला होता, पहिल्या पाचांतले आणि तेव्हाचे अध्यक्ष हौशीराम आबा यांच्या घरी. एकोणिसाला पुन्हा हलला, तो थेट टाकव्याला राजेंद्रच्या घरी. गाव बदललं म्हणून त्यासाठी सर्वसाधारण सभेचा विशेष ठरावही जोडला होता. अरुंधतीने भुवया उंचावल्या. पत्ता बदलणं म्हणजे फॉर्म, शुल्क, नव्या पाट्या, नवी लेटरहेडं. एवढा खटाटोप कशासाठी?

"अवो, अध्यक्षाच्या दारावर पाटी नको का?" सविता म्हणाली. "अध्यक्ष बदलला की पाटी बी जाती. मान असतोय त्यो."

अरुंधती हसली. मान मिरवायला विशेष ठराव करणारी माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली.

अठरा साली अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर देण्याची कमाल मर्यादा, एक लाखाचं दहा लाख झालं होतं आणि दोनशे बारा नव्या शेतकऱ्यांना शेअर दिले होते. वाटपाच्या यादीत एकशे त्रेचाळिसावं नाव राजेंद्रचं होतं. म्हणजे संस्थापक साहेब कंपनी जन्मल्यावर दोन वर्षांनी आत आले होते. संचालक तर त्यानंतर वर्षभराने, एक जुने संचालक वारले त्यांच्या जागी.

काम झालं होतं. कागद छापून हातात द्यायचे एवढंच बाकी. पण आता बयाबाईंना कुणी मोजत नाही, म्हणजे त्या मधेच संचालकपदावरून गेल्या असणार; कधी, ते अरुंधतीला सापडेना. तिने पुन्हा शोधलं. राजीनामा नव्हता. पायउतार झाल्याची नोंद नव्हती. उलट एकवीस साली फेरनिवड झाल्याचा फॉर्म होता, त्याला जोडलेल्या संमतीपत्रावर डळमळीत अक्षरात सही.

"मावशी, ही सही तुमची?"

बयाबाईंनी चष्मा पुसला. "माजीच की. राजेंद्र बियान्याच्या यादीला म्हनून घिऊन गेलता."

"आणि संचालक म्हणून दरवर्षी तुमची केवायसी, ओळखीची पडताळणी होते, तिचा ओटीपी कुठे जातो?"

सविताने पदर तोंडाला लावला. "अगं बाई! दरसाल राजेंद्रभावजींचा फोन येतोय. वयनी, नंबर आला आसंल, सांगा जरा. मला वाटलं, खताचं काय तरी आसंल."

अरुंधती मागे टेकली. "अशा कंपनीला किमान पाच संचालक लागतात. तुम्हाला धरूनच पाच होतात, मावशी. तुम्हाला काढलं असतं तर चारच उरले असते आणि पाचवा कुणीतरी निवडून आणावा लागला असता. दरवर्षीच्या विवरणपत्रात तुमचं नाव आहे, खाली सही राजेंद्रची. तुम्ही नुसत्या पूर्वी संचालक होतात असं नाही. आजही आहात."

बयाबाईंनी सगळे कागद छापून मागितले.

गुरुवारी तिघी टाकव्याला गिरणीवर गेल्या. राजेंद्र मांडववाल्याला ओरडत होता. हौशीराम आबा सावलीत बसले होते. कोनशिला भिंतीला टेकवून ठेवली होती.

"या मावशी, या! चा घ्या," राजेंद्र तोंड भरून हसला. हसण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं.

अरुंधतीने कागद पुढे केले. पहिला पत्ता, पहिले संचालक, वाटपाची यादी. एकशे त्रेचाळीस या आकड्यापाशी राजेंद्रचं हसू आटलं. विवरणपत्रावरची स्वतःची सही पाहिल्यावर तर त्याने मांडववाल्याला उगाचच लांब पिटाळलं.

"आबा, तुमी तरी बोलायचं," बयाबाई हौशीरामना म्हणाल्या.

आबांनी मान खाली घातली. "चुकलं बयाबाई. गिरनी हुतीय, मदीच वाद नको, आसं वाटलं."

राजेंद्रने कान धरले. "मावशी, माजं चुकलं. आत्ता पाथरवटाला बोलावतो. तुमचं नाव समद्यांच्या वर, मोट्या अक्षरात. मग तर झालं?"

सविताचा चेहरा फुलला. बयाबाई मात्र दगडाकडे बघतही नव्हत्या. त्यांनी अरुंधतीला विचारलं, "म्याडम, संचालकांची मीटिंग आसली की समद्यांना सांगावं लागतं न्हवं?"

"प्रत्येकाला. लेखी नोटीस, निदान सात दिवस आधी."

"मंग गिरनी हितं बांदायची ठरली, यंत्र ठरलं, ह्यो दगड ठरला, तवा मला कुटं नोटीस आली?"

आबांनी राजेंद्रकडे बघितलं.

"लेखी धाडा," बयाबाई म्हणाल्या. "मीटिंग घ्या, समदं माज्यासमोर वाचा, मग उद्घाटन करा."

"आवो मावशी, पत्रिका वाटल्यात! पावनं येनार रविवारी! आन नाव घालतोय की दगडावर!"

"नाव मेल्यावर कोरा," बयाबाई शांतपणे म्हणाल्या. "जित्ती हाय तवर मला बोलवायचं."

रविवारचं उद्घाटन पुढे गेलं. पाहुण्यांना फोन करता करता राजेंद्रचा घसा बसला. सोमवारी सकाळी तो स्वतः नोटीस घेऊन वडिवळ्याला गेला. बयाबाईंनी ती सविताकडून दोनदा वाचून घेतली, चार प्रश्न विचारले आणि मगच पोच म्हणून सही केली.