चार झाडांतलं एक

"समजलं का, मावशी?" आफरीननं विचारलं.

"समजलं," कडुबा म्हणाला.

आफरीननं कॅमेरा बंद केला. "काका, दुसऱ्यांदा झालं हे. संमतीच्या व्हिडिओत मावशींनीच बोलायचंय. नियमच आहे तसा."

कडुबा ओशाळला. तीस वर्षं बायकोच्या, द्वारकाबाईच्या वतीनं तोच बोलत आला होता, बँकेतही अन् दवाखान्यातही. तिच्या अंडाशयाच्या कॅन्सरवर केमोची दोन्ही औषधं चालेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी या नव्या औषधाच्या चाचणीची माहिती दिली. चाचणीचं काम आफरीन बघायची. संमतीचे कागद वाचायला म्हणून तीन दिवस पाचोडला घरी होते. कडुबाला आज तिची सही उरकून टाकायची होती.

"हा पहिला टप्पा," आफरीन म्हणाली. "माणसाला किती डोस झेपतो, ते आधी बघायचं. तिघांना थोडा दिला, चार आठवडे थांबलो. त्रास झाला नाही, म्हणून पुढच्या तिघांना जास्त. दुसऱ्या टप्प्यात गाठ कमी होते का ते बघतात. तिसऱ्यात शेकडो लोकांत जुन्या उपचाराशी तुलना."

"मंग तिसऱ्यातलंच द्या की, पारखलेलं," कडुबा म्हणाला.

"मावशींच्या आजारासाठी सध्या इथं तसं नाही, काका."

द्वारकाबाई कागदावर बोट ठेवून होती. "नवी फवारणी आधी चार झाडांवर मारून बघता ना, पान करपतंय का म्हणून? तसंच ना, पोरी?"

"बरोबर तसंच."

"आधीच्या सहांचं काय झालं?"

"दुसऱ्या तिघांतल्या एकीला जुलाब लई झाले, औषध बंद केल्यावर थांबले. गाठ कमी कुणाचीच झाली नाही. दोघांची वाढायची थांबली, पण किती दिवस, ते माहीत नाही."

कडुबाचा चेहरा पडला. बरी होईल, एवढंच ऐकायला तो आला होता.

"मंग कशाला जायचं? सुखानं घरी राहू," तो म्हणाला.

"तेही चालतं," आफरीन म्हणाली. "दुखणं कमी करायचे उपचार चालूच राहतील. चाचणीत आलात तरी ते मिळतील. अन् चाचणी कधीही सोडता येते, कारण न सांगता."

"दर आठवड्याला यायचं, रक्त द्यायचं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"पहिले दोन महिने, हो."

तिनं पदर नीट केला. "लाव कॅमेरा."

लाल दिवा लागला. कडुबानं ओठ घट्ट मिटले.

"हे मला बरं करील, असं कुणी सांगितलेलं नाय," द्वारकाबाई म्हणाली. "डोस किती झेपतो ते बघायला हाय. गाठ थांबली तर माझं नशीब. तरी मी घेते. सातवीचं काय होतं, ते मला बघायचंय."

"अन् दमलीस तर?" कडुबाला राहवलं नाही.

"दमले तर सोडीन. तुम्हाला न विचारता!"

आफरीन हसली. द्वारकाबाईनं पेन घेतलं. चौथीपर्यंत शिकलेली ती. एकेक अक्षर सावकाश उमटवत गेली. तिचं अक्षर कडुबा पहिल्यांदाच बघत होता. चांगलं होतं.