घरच्यांनी शेवटी

"चांगलं चांगलं श्रद्धांजलीत बोला. हे पत्र भांडणाचंय," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात त्या मनाच्या दुखण्याचं बघतात. माझे वडील, आबा, गेल्यापासून मला झोप नव्हती. मी गेलते गोळीला, आणि या बाईनं हातात दिलं काय, तर कोरा कागद!

"मेलेल्या माणसाला पत्र?" मी म्हणाले.

"पाठवायचं नाहीच. ज्या नावानं त्यांना हाक मारत होतात, तिथून सुरू करा. काय झालं, तेव्हा कसं वाटलं, तुम्हाला काय हवं होतं, सगळं लिहा. खोडायचं नाही. फार झालं तर थांबा, पाणी प्या. मग ते समोर बसलेत असं धरून मोठ्यानं वाचा. आणि शेवटी, त्यांनी काय म्हणायला हवं होतं, ते लिहा."

घरी आले. दुसऱ्या दिवशी आबांचं वर्षश्राद्ध. दूध संस्थेत त्यांचा फोटो लागणार होता आणि लेक म्हणून मी दोन शब्द बोलायचे होते. कसले बोलू? मालक रानात गेल्यावर गोठ्यात बसले आणि लिहिलं, 'आबा.' मग हात थांबेना.

'आबा, दुष्काळात तुमच्या संस्थेनं जनावरांची चारा छावणी काढली. तुमी चेरमन. माझ्या सासरचं गाव त्याच छावणीत येत होतं, माझा हक्क होता. मी कपिली आन् तिची कालवड घेऊन उन्हातून चालत आले. तुमी सगळ्यांपुढं म्हणालात, "घरच्यांनी शेवटी." पंगतीत यजमान शेवटी बसतो, तसं. लोकांनी माना डोलावल्या. मला लई अभिमान वाटला तुमचा, खोटं कशाला बोलू? आठवडाभर दावणीबाहेर थांबले. लोकांची जनावरं आत गेली, त्यांच्या कानाला बिल्ले लागले, छावणी भरली. तुमी म्हणालात, "आता जागा न्हाई, पोरी." परतताना कपिली वाटेतच बसली, ती उठलीच न्हाई.

आबा, रानाची वाटणी केली तवा मी काय होते? "लेक परक्याच्या घरची." विहिरीखालचं रान बंकटला. मी सही केली, तोंडातून शब्द काढला न्हाई. वाटणीत परकी आन् छावणीत घरची? हे कुठलं गणित काढलं तुमी? तुमचं नाव मोठं करायला माझीच गाय सापडली का?'

पाणी प्यायले. समोर पोतं अंथरलं, आबा बसायचे तसं भिंतीला टेकून, आणि वाचायला लागले. आधी आवाज फुटेना, मग असा फुटला की कालवडीनं कान टवकारले.

दारात बंकट उभा होता. माझा धाकटा भाऊ, मला न्यायला आलेला. मी थांबले नाही. सगळं वाचलं.

"ताई," तो म्हणाला, "आबानं आमचीबी जनावरं शेवटीच ठेवली होती की. दुजाभाव न्हाई केला."

"तुमच्या विहिरीवर हिरवा घास होता, बंकट. तुला छावणी लागलीच कुठं? उपाशी माणसानं शेवटी बसणं आन् पोट भरल्यावर शेवटी बसणं, एकच हाय का रे?"

तो उंबऱ्यावर बसला.

"आबा गेला आता. माफ करून टाक," तो हळूच म्हणाला.

"मेला म्हणून चूक मेली व्हय? मला आठवण येते त्यांची. रोज येते. तरीबी राग हाय. दोन्ही हाय."

"मग उद्या काय बोलशील?"

"न्हाई बोलणार. फोटो लावा, हार घाला. माणूस इमानी होता, ते खोटं न्हाई. पण त्या इमानाची झळ मला लागली, आन् ते मला तिथं म्हणता येणार न्हाई. मग खोटं गोड कशाला बोलू?"

तो उठला आणि गाडी चालू करून निघून गेला.

शेवटचं राहिलं होतं, आबांनी काय म्हणायला हवं होतं ते. मला ते पाठ होतं. कितीदा तरी रात्री मनात त्यांच्याच आवाजात ऐकलेलं. 'सत्यभामा, चुकलं माझं.' एवढंच. पेन टेकवलं आणि संतापच आला. रुक्मिणीबाई काही म्हणोत, सगळं मीच करायचं का? गाय मी घालवायची, रान मी सोडायचं, आणि माफीही त्यांच्या वतीनं मीच मागायची?

नाही लिहिलं. तेवढ्या ओळीची जागा मोकळी सोडली. खाली सही केली, सत्यभामा विठ्ठलराव. आबांचं नाव लावलं, सासरचं नाही.