सोळाव्या मजल्यावरची जयंती

द्रौपदीबाईंनी शेवग्याच्या शेंगांची आमटी डब्यात ओतली, झाकण घट्ट बसलंय ना ते डबा उलटा करून पाहिलं आणि तो सुनेच्या हातात दिला.

"सांग तिला, तिखट तिच्या बेताने घातलंय. नाहीतर नाक मुरडेल."

शीतल चपला घालता घालता म्हणाली, "आई, एकदा तुम्हीच चला ना. काकू रोज विचारतात, द्रौपदी कशी नाही आली म्हणून."

"आज नको गं. गुडघा धरलाय."

गुडघा धरलेला नव्हता, आणि शीतलला ते ठाऊक होतं. ती डबा घेऊन बाहेर पडली. लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला, मग ते मिटल्याचा. आमटी सोळाव्या मजल्यावर निघून गेली. द्रौपदीबाई तिसऱ्या मजल्यावर दारात उभ्या राहिल्या. अशा वेळी त्यांना डब्याचाही हेवा वाटे.

जयंती सबनीस आणि त्या घाटकोपरच्या जुन्या वसाहतीत तीस-बत्तीस वर्षं समोरासमोरच्या दारांत राहिल्या होत्या. द्रौपदीबाई लग्न होऊन जालन्याकडून आल्या तेव्हा मुंबईचा स्टो कसा पेटवायचा हे जयंतीने शिकवलं. जयंती विमा कंपनीत नोकरीला होती. तिची लेक किरण शाळेतून आली की द्रौपदीबाईंच्याच घरी जेवायची आणि तिथेच झोपायची. द्रौपदीबाई बालवाडी चालवायच्या. संध्याकाळी दोघी गॅलरीत चहा घेऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं मूल्यमापन करत. मग ती इमारत पाडून तिथे टॉवर झाला, घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि एकीला तिसरा मजला आला, दुसरीला सोळावा.

"बघ, आता मी कायमची तुझ्या डोक्यावर बसले," जयंती तेव्हा म्हणाली होती.

सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळ झाली की द्रौपदीबाई लिफ्टने वर जात. पण एक दिवस वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत त्या एकट्याच होत्या. अंधार झाला. छाती धाडधाड उडू लागली, हाताला मुंग्या आल्या, आतली हवा संपत चालली आहे असं वाटायला लागलं. थोड्या वेळाने वीज आली, लिफ्ट सुरू झाली आणि त्या बाहेर पडल्या. झालं काहीच नव्हतं. वॉचमन सीतारामने तर हसून विचारलंसुद्धा, "काय मावशी, झोप झाली का?"

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या लिफ्टमध्ये शिरल्या. दार मिटायला लागलं तशी छाती पुन्हा तशीच उडाली. त्यांनी हात आडवा घातला आणि बाहेर आल्या. आणि काय सांगावं, कोणीतरी मानगुटीवरून ओझं उचलून घ्यावं तसं झालं. श्वास मोकळा झाला. वाचले, असं त्यांच्या मनात आलं.

सगळं बिघडलं ते त्या सुटकेत. वाचले म्हणजे आत काहीतरी मारणारं होतं, असं मनाने धरून ठेवलं. पुढच्या वेळी त्या दारापर्यंतच गेल्या आणि परत फिरल्या. त्यानंतर नुसतं लिफ्टसमोरून जाणंही नको वाटायचं, म्हणून त्या मागच्या जिन्याने खाली उतरू लागल्या. मग न्हाणीघराची कडी लावेनाशा झाल्या. खिडक्या बंद असलेल्या गाडीत बसेनाशा झाल्या. प्रत्येक वेळी टाळलं की बरं वाटे, आणि भीती आणखी एखाद्या खोलीत पाय पसरे. एकदा जिन्याने वर जायचा प्रयत्न केला. सातव्या मजल्यावर धाप लागली. छातीची ती धडधड लिफ्टमधल्यासारखीच वाटली आणि त्या खाली आल्या.

घरचे लोक चांगले. चांगले म्हणूनच कोणी टोकलं नाही. मुलगा मिथुन म्हणायचा, "आई, तू कशाला त्रास करून घेतेस? काय न्यायचं ते मी नेतो." जयंतीही समजूतदार. ती रोज संध्याकाळी खाली यायची. पण श्रावणात ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती वॉकर धरून घरातच राहिली. तेव्हापासून दोघींची भेट फोनच्या काचेवर. काचेतली जयंती लहानशी दिसायची आणि नेटवर्क गेलं की मध्येच गोठायची. तिच्या घराचा वास, तिचं ते मांडीवर थाप मारून हसणं, त्यातलं काही त्या काचेतून येत नसे. द्रौपदीबाई खाली आवारात जाऊन वर बघत. सोळाव्या मजल्याच्या खिडक्या सगळ्या एकसारख्या.

त्या दिवशी शीतल रिकामा डबा घेऊन परतली. मग म्हणाली, "किरणताई आल्यात. दिवाळी झाली की काकूंना नाशिकला घेऊन जाणार. हे घर भाड्याने देणार म्हणे."

द्रौपदीबाई तडक उठल्या, लिफ्टपाशी गेल्या, बटण दाबलं. दार उघडलं. आतला पिवळा उजेड, आरसा. तळहाताला घाम फुटला. दार आपोआप मिटून गेलं आणि त्या बाहेरच राहिल्या. छाती हलकी झाली. मग तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून त्या रडल्या.

शीतलने त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. हृदयाच्या तपासणीचा कागद चांगला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना समुपदेशक शर्मिष्ठा मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणजे तिशीतली पोर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बालवाडीत पहिल्या दिवशी मूल रडायला लागलं की तुम्ही काय करायचात, बाई?"

"काय करणार? आईला सांगायचे, जा तू. रडेल थोडा वेळ. घरी नेऊ नको."

"का? बिचारं रडतंय, न्यावं घरी."

"अहो, नेलं की ते गप्प होतं, पण दुसऱ्या दिवशी फाटकापासूनच रडायला लागतं. तिसऱ्या दिवशी दप्तर बघूनच. त्याला कळतं ना, शाळा वाईट आहे आणि रडलं की सुटका..." बाई मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, "फार हुशार आहेस गं तू."

शर्मिष्ठा हसली. "राहिलेल्या मुलाचं काय होतं?"

"रडून रडून दमतं. मग खेळण्यांकडे बघतं. पण सगळी एकाच दिवसात नाही बसत. कोणाला आठवडे लागतात."

"तुमच्या छातीचंही तसंच. ती धडधड चढते, वर जाते आणि तिची तीच उतरते. तुम्ही प्रत्येक वेळी ती चढत असतानाच बाहेर पडलात, म्हणून ती उतरते हे तुम्हाला कधी दिसलंच नाही. लिफ्टमध्ये काय होईल असं वाटतं?"

"हवा संपेल."

"त्या दिवशी संपली होती?"

"नाही."

"लिफ्ट पुन्हा कधीच अडकणार नाही असं मी सांगणार नाही. अडकली तर तुम्ही घाबराल. पण आतमध्ये हवा येत राहते, आणि घाबरून माणूस मरत नाही. हे मी सांगून नाही पटायचं. तुम्हाला आत उभं राहूनच बघावं लागेल, थोडं थोडं करून."

मग सराव सुरू झाला. आधी दार उघडं धरून आत उभं राहायचं. छाती उडाली तरी बाहेर यायचं नाही. द्रौपदीबाईंनी पाण्याची बाटली पोटाशी धरली होती. शर्मिष्ठाने म्हटलं होतं, हळूहळू बाटलीही सोडायची, नाहीतर मन म्हणेल बाटलीनेच वाचवलं. एका दुपारी उभ्या उभ्या खरंच ती धडधड ओसरली. तेव्हा त्यांना एवढं नवल वाटलं की त्या पुन्हा आत जाऊन उभ्या राहिल्या. पुढे दार मिटून एक मजला. मग तोच एक मजला परत परत. शेजारच्या पोरांना वाटलं, आजी लिफ्टशी खेळतायत.

पाचव्या मजल्यापर्यंत सराव आला आणि तिथे मिथुनने घोटाळा केला. तो सोबत आला होता. आईचा चेहरा पांढरा झालेला, ओठ कोरडे. त्याला बघवेना. त्याने चौथ्यालाच बटण दाबून दार उघडलं आणि तिला हात धरून बाहेर काढलं. "बस झालं, आई. नाही जमत तर नाही जमत. काय वाट लागलीय तुझी."

बाईंना लगेच बरं वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उघड्या दारातही उभं राहवेना.

"मिथुन," त्या संध्याकाळी म्हणाल्या, "मला उद्यापासून सोबत करू नकोस."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ते कळतंय रे मला. तुला माझं घाबरणं बघवत नाही. पण मला बाहेर काढतोस तेव्हा माझी जयंती आणखी वर जाते."

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा उघड्या दारापासून सुरू झाल्या. या वेळी वर सरकायला तेवढे दिवस लागले नाहीत, पण सोपंही झालं नाही. एखादा दिवस छान जायचा, एखाद्या दिवशी एक मजलाही जड जायचा. दिवाळी आली आणि गेली. वर सामान बांधायला सुरुवात झाली.

किरणची गाडी सकाळी निघायची होती, त्याच्या आदल्या दुपारी द्रौपदीबाई रिकाम्या हाताने लिफ्टमध्ये शिरल्या आणि सोळाचं बटण दाबलं. दार मिटलं. सहाव्यापाशी छाती उडाली. नऊ-दहाच्या सुमाराला हवा संपतेय असं वाटलं. त्यांनी मनात म्हटलं, वाटू दे. बाराव्याला कोणीतरी आत शिरलं, चौदाव्याला उतरलं. धडधड अजून होती. ती असतानाच दार उघडलं.

जयंती वॉकर धरून दारातच उभी होती. लिफ्टच्या आवाजाने ती रोज अशी येऊन उभी राहायची, हे किरणने मागून सांगितलं तेव्हा बाईंना कळलं.

"मेले, आता आलीस?" जयंती म्हणाली. "घर रिकामं झाल्यावर?"

"तुझी भांडी चोरायला आले होते. उशीर झाला."

जयंतीने मांडीवर थाप मारायला हात सोडला आणि तोल जायला लागला तशी द्रौपदीबाईंनी तिला धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. त्या धरण्यात हाडं लागत होती. किती वाळली ही, आपल्याला कळलंच नाही, असं त्यांना वाटलं.

खोक्यांच्या मधल्या जागेत बसून त्यांनी चहा घेतला. गॅलरी नव्हती, खाली येणारे-जाणारे मुंगीएवढे दिसत होते, तरी जयंतीने दोघातिघांना नावं ठेवली. मग तिने कप खाली ठेवला. "भीतीचं ठाऊक होतं, तरी मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीस. कशावर ते आठवत बसायचे मी."

"तुझ्यावर नाही गं," द्रौपदीबाई म्हणाल्या. हुकलेल्या एवढ्या संध्याकाळी आता कुठून भरून आणायच्या होत्या.

दिवे लागले तेव्हा त्या उठल्या. जयंती लेकीकडे वळली. "किरण, हिला जिन्याने खाली सोडून ये बाई. उतरायला काही वाटत नाही. लिफ्टमध्ये घाबरते ती."

किरण लगेच चपला शोधायला लागली. जिना समोरच होता, मोकळा, उजेड असलेला. द्रौपदीबाईंना पायऱ्या दिसल्या आणि छाती आपोआप सैल पडली. तीच जुनी ओळखीची सुटका, हात पुढे करून उभी.

"नको," त्या म्हणाल्या. "लिफ्टनेच जाते. मला सकाळी परत यायचंय, तुला निरोप द्यायला. आज जिन्याने गेले तर सकाळी दार बघूनच पाय मागे येतील."

"मग नाशिकला ये," जयंती म्हणाली. "तिथे आमचं घर तळमजल्याला आहे."

"तिथे यायला बंद गाडी लागते. त्याचाही सराव करावा लागेल."

"कर मग. मी काही कुठे पळत नाही."

लिफ्ट आली. द्रौपदीबाई आत गेल्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दारं दोन्ही बाजूंनी जवळ येत गेली, मधली जयंती अरुंद होत गेली. त्यांनी हात आडवा घातला नाही. छाती उडत होती आणि लिफ्ट खाली चालली होती.